पेबॅक कालावधी: पैसे किती वर्षांत वसूल होतात, आणि ते उत्तर कुठे फसतं

नवं यंत्र घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: पैसे किती वर्षांत वसूल होतील? त्या वर्षांच्या आकड्याला पेबॅक कालावधी म्हणतात, पुस्तकांत परतफेड कालावधी. तो काढायला बेरीज-वजाबाकी पुरते आणि कुणालाही एका वाक्यात समजावता येतो, म्हणून तो टिकून आहे. जॉन ग्रॅहम आणि कॅम्पबेल हार्वी या प्राध्यापकांनी ३९२ वित्तप्रमुखांची पाहणी करून २००१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले सुमारे ५७ टक्के लोक नेहमी किंवा जवळजवळ नेहमी पेबॅक काढत होते. पुढे येणारी प्रत्येक रक्कम आजच्या किमतीत आणून मोजणारी त्याचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे डिस्काउंटेड पेबॅक, ती वापरणारे मात्र ३० टक्क्यांच्या आसपास होते.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: मालाची भरणी आणि पॅकिंग करणारं एक यंत्र. सगळे आकडे हजारांत आहेत, चलन कोणतंही धरा. कागद-पेन्सिल किंवा स्प्रेडशीट घेऊन सोबत करत गेलात तर तासाभरात पद्धत हातात बसेल.

पायरी १: रोख रकमेचा तक्ता मांडा

पेबॅकच्या बहुतेक चुका गणितात नसतात, तक्त्यातच असतात. म्हणून इथे घाई करू नका.

आधी आज जाणारी रक्कम. यंत्राची किंमत ९००. बसवणं आणि चाचणीची धाव ६०. यंत्र वेगानं चालणार, म्हणून पॅकिंगचा कच्चा माल जास्त साठवावा लागेल, त्यात अडकणारे ४०. एकूण १०००. शेवटचे ४० अनेक जण विसरतात, कारण ते कोटेशनमध्ये नसतात. हे खेळतं भांडवल आहे. खर्च होऊन संपत नाही, पण यंत्र चालू आहे तोवर हातातही येत नाही.

आता दरवर्षी येणारी रक्कम. इथे हिशेबाच्या वहीतला नफा उचलून चालत नाही. नफा काढताना घसारा वजा केलेला असतो, आणि घसाऱ्याचे पैसे कुणाला दिलेले नसतात. यंत्राचे पैसे तर पहिल्याच दिवशी गेले आणि ते आपण १००० मध्ये मोजले आहेत. म्हणून करोत्तर नफ्यात घसारा परत मिळवायचा. आपल्या यंत्राचं आयुष्य ६ वर्षं आहे, तेव्हा ९६० भागिले ६, म्हणजे वर्षाला १६० घसारा.

पहिल्या वर्षी कामगारांचा हात बसायचा असतो, म्हणून नफा ४० आणि रोख २००. दुसऱ्या वर्षी नफा ९०, रोख २५०. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी नफा १४०, रोख ३००. सहाव्या वर्षी दुरुस्ती वाढते, नफा १०० वर येतो, रोख २६०. शिवाय त्या वर्षाच्या अखेरीस साठ्यातले ४० मोकळे होतात आणि यंत्र भंगारात विकून कर वजा जाता २० मिळतात. सहाव्या वर्षाची एकूण रोख ३२०.

हीच मांडणी कुणी नफ्यावर केली तर काय होतं ते पाहा. सहा वर्षांचा नफा मिळून ६५०, म्हणजे १००० कधीच वसूल होत नाहीत आणि चांगलं यंत्र नापास होतं. यंत्राची किंमत एकदा सुरुवातीला आणि पुन्हा दरवर्षी घसाऱ्याच्या रूपानं, अशी दोनदा वजा झाली, एवढंच त्याचं कारण.

तक्ता करताना आणखी तीन गोष्टी सांभाळा. यंत्र घेतल्यामुळे जो फरक पडतो तेवढाच मोजा. जागेचं भाडं यंत्र आलं तरी तेवढंच राहणार असेल, तर त्याचा हिस्सा यंत्रावर टाकू नका. निर्णयाआधीच देऊन झालेली सल्लागाराची फी आता कशानंही परत येणार नाही, ती तक्त्यात नको. आणि कर्ज काढून यंत्र घेत असाल तरी व्याज वजा करू नका, नफा व्याजाआधीचा धरा. व्याजाचा हिशेब पुढे डिस्काउंट दरातून होणारच आहे.

पायरी २: साधा पेबॅक काढा

आता वजा १००० पासून सुरुवात करून दरवर्षीची रक्कम मिळवत जा. पहिल्या वर्षाअखेर वजा ८००, दुसऱ्या वर्षाअखेर वजा ५५०, तिसऱ्या वर्षाअखेर वजा २५०, चौथ्या वर्षाअखेर अधिक ५०. चिन्ह चौथ्या वर्षात बदललं. त्या वर्षात ३०० येतात आणि वसूल व्हायचे राहिलेत २५०. म्हणून ३ अधिक २५० भागिले ३००, म्हणजे ३.८३ वर्षं, साधारण ३ वर्षं १० महिने.

दशांशाकडे जरा लक्ष द्या. ३.८३ म्हणजे ३ वर्षं ८ महिने नव्हे. ०.८३ ला १२ ने गुणा, १० महिने मिळतात. ही चूक अहवालांत छापूनही जाते.

वर्षाच्या मधला बिंदू काढताना आपण गृहीत धरलं की चौथ्या वर्षाचे ३०० वर्षभर सारखे येतात. पॅकिंगच्या कामात ते साधारण खरं असतं. उत्पन्न हंगामी असेल, सगळे पैसे वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत येत असतील, तर उत्तर ३ वर्षं १० महिने नसून जवळजवळ ४ वर्षं आहे. अशा धंद्यात तक्ता महिन्यांचा करा.

बरेच जण एकूण रोख १६७० ला ६ ने भागून वर्षाची सरासरी २७८ काढतात आणि १००० भागिले २७८ करून ३.६ वर्षं सांगतात. सरासरीचा हा जवळचा रस्ता दरवर्षी सारखीच रक्कम येत असेल तरच घ्यावा. इथे सुरुवातीची वर्षं कमकुवत आहेत आणि शेवटच्या वर्षातली मोठी रक्कम सरासरी फुगवते, म्हणून वसुली आहे त्यापेक्षा अडीच-तीन महिने आधी झालेली दिसते.

साध्या पेबॅकला काय दिसत नाही

समजा दुसरं यंत्रही समोर आहे. किंमत तेवढीच, १०००. ते पहिल्या वर्षी ५००, दुसऱ्या वर्षी ४००, तिसऱ्या वर्षी १०० आणि चौथ्या वर्षी १०० मिळवून देतं, मग निकामी होतं. पेबॅक नेमका ३ वर्षं. पहिल्या यंत्राचा ३.८३. ‘लवकर वसूल होणारं घ्या’ हा नियम पाळला तर दुसरं यंत्र जिंकतं.

आता चार वर्षांची गोळाबेरीज बघा. १००० घातले, ११०० परत आले. चार वर्षं पैसे अडकवून हाती १०० जास्त. हे पैसे दुसरीकडे गुंतवले असते तर १२ टक्के मिळाले असते असं धरलं, तर दुसरं यंत्र सरळ तोट्यात आहे. साध्या पेबॅकला हा तोटा दिसत नाही, कारण तिसऱ्या वर्षी आलेला रुपया आणि आज खिशातून गेलेला रुपया त्याच्या लेखी सारखाच. हा त्याचा पहिला आंधळा कोपरा.

त्याच कोपऱ्यात आणखी एक गोष्ट लपते. तीन वर्षांत ५००, ४००, १०० आले काय किंवा १००, ४००, ५०० आले काय, साधा पेबॅक दोन्हींना ३ वर्षंच म्हणतो. पहिल्या क्रमात निम्मे पैसे वर्षभरात मोकळे होऊन दुसऱ्या कामाला लागतात, दुसऱ्यात ते तिसऱ्या वर्षापर्यंत अडकून राहतात. मधला क्रम त्याला कळत नाही, फक्त रेषा ओलांडल्याचा क्षण कळतो.

दुसरा आंधळा कोपरा रेषेच्या पलीकडे आहे. वसुली झाली की साधा पेबॅक मोजणं थांबवतो. त्यानंतर यंत्र वर्षभर चालेल की दहा वर्षं, हा प्रश्नच तो विचारत नाही.

डिस्काउंटेड पेबॅकनं यांतला पहिला कोपरा उजळतो. दुसरा तसाच अंधारात राहतो. बहुतेक गफलती हा फरक न कळल्यामुळे होतात, म्हणून पुढच्या दोन्ही पायऱ्या सलग करा.

पायरी ३: प्रत्येक रक्कम आजच्या किमतीत आणा

आधी दर ठरवा. आपण १२ टक्के धरू. वर्षाअखेर येणाऱ्या रकमेला १.१२ ने भागायचं, दुसऱ्या वर्षाच्या रकमेला १.१२ च्या वर्गानं, तिसऱ्या वर्षाच्या रकमेला घनानं, असं पुढे. आजचे १००० आजचेच आहेत, त्यांना भागायचं नाही. मग या नव्या रकमा पूर्वीसारख्याच मिळवत जायच्या. पहिल्या यंत्राचा पूर्ण तक्ता असा होतो:

| वर्ष | रोख | साधी वसुली | आजच्या किमतीत | डिस्काउंटेड वसुली |
|---|---|---|---|---|
| ० | −१००० | −१००० | −१०००.० | −१०००.० |
| १ | २०० | −८०० | १७८.६ | −८२१.४ |
| २ | २५० | −५५० | १९९.३ | −६२२.१ |
| ३ | ३०० | −२५० | २१३.५ | −४०८.६ |
| ४ | ३०० | ५० | १९०.७ | −२१७.९ |
| ५ | ३०० | ३५० | १७०.२ | −४७.७ |
| ६ | ३२० | ६७० | १६२.१ | ११४.४ |

स्प्रेडशीटमध्ये वर्षं A2 ते A8, रोख B2 ते B8 आणि दर H1 मध्ये लिहा. पुढची सूत्रं दिलेल्या खान्यांत टाका आणि खाली ओढा. C2 आणि E2 मात्र एकदाच लिहायची, ओढायची ती C3, D2 आणि E3.

```
C2:  =B2
C3:  =C2+B3
D2:  =B2/(1+$H$1)^A2
E2:  =D2
E3:  =E2+D3
```

तक्ता बरोबर झाला की नाही याचा ताळा लगेच घ्या. शेवटच्या रकान्याची शेवटची ओळ म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, ज्याला सगळे एनपीव्ही म्हणतात. ते या सूत्रानं वेगळं काढा:

```
=B2+NPV(H1,B3:B8)
```

दोन्हीकडे ११४.४ यायला हवेत. ११४.४ ऐवजी १०२.२ दिसले तर तुम्ही B2 सुद्धा NPV च्या कंसात टाकलं आहे. हे फंक्शन कंसातली पहिली रक्कम वर्षाअखेरची समजतं, म्हणून आजचे १००० देखील एक वर्ष पुढे ढकलले जातात आणि सगळं उत्तर १.१२ ने भागलं जातं.

पायरी ४: डिस्काउंटेड पेबॅक वाचा

चिन्ह सहाव्या वर्षात बदललं आहे. पाचव्या वर्षाअखेर ४७.७ वसूल व्हायचे आहेत आणि सहाव्या वर्षात १६२.१ येतात. नेहमीच्या रीतीनं भागलं तर ०.२९ येतं, म्हणजे ५ वर्षं साडेतीन महिने. बहुतेक तयार कॅल्क्युलेटर हेच उत्तर देतात, आणि ते चुकीचं आहे.

सहाव्या वर्षाच्या ३२० पैकी ६० हे साठा मोकळा होऊन आणि भंगार विकून आलेले आहेत. ते वर्षभर थोडे थोडे येत नाहीत, शेवटच्या दिवशी एकदम येतात. वर्षभर येणारे फक्त २६०, आजच्या किमतीत १३१.७. आता ४७.७ भागिले १३१.७, म्हणजे ०.३६. खरं उत्तर ५ वर्षं आणि चार-साडेचार महिने. फरक महिन्याभराचा आहे, पण भंगाराची किंमत मोठी असेल, उदाहरणार्थ वाहन किंवा इमारत, तर हाच फरक पाऊण वर्षावर जातो. शेवटच्या वर्षात चिन्ह बदलत असेल तेव्हा ती रक्कम नेहमी उकलून पाहा.

नेमकेपणाची हौस असलेल्यांसाठी एक सूक्ष्म गोष्ट. भागताना आपण पैसे वर्षाअखेर आले असं धरलं, आणि महिने काढताना वर्षभर आले असं. दोन्ही एकाच वेळी खरं नसतं. वर्षभर सारखे पैसे येणाऱ्या धंद्यात घातांक A2 ऐवजी अर्ध्या वर्षानं कमी घेतात (वर्ष ० सोडून), त्यामुळे वसुली थोडी लवकर दिसते. वर्षाअखेरची पद्धत जास्त सावध आहे. कोणतीही चालेल, पण तुलना करायच्या सगळ्या यंत्रांना तीच लावा.

दुसऱ्या यंत्राला हीच चाळणी लावू. त्याच्या चार रकमा आजच्या किमतीत ४४६.४, ३१८.९, ७१.२ आणि ६३.६ होतात. बेरीज ९००. हजार वसूल होतच नाहीत. साध्या पेबॅकमध्ये पहिलं आलेलं यंत्र डिस्काउंटेड पेबॅकमध्ये १०० नं तोट्यात निघालं, तर ३.८३ वर्षांचं यंत्र सगळा भांडवली खर्च भरून ११४ वर ठेवतं. काळाची किंमत मोजल्याचा हा खरा फायदा.

दर कुठून आणायचा

इथे सगळ्यात जास्त ढिलाई होते. दर म्हणजे बँकेचा व्याजदर नव्हे. या पैशांवर, एवढीच जोखीम घेऊन, दुसरीकडे जे मिळालं असतं तो दर. पैसा काही कर्जाचा आणि काही मालकाचा असेल तर दोन्हींच्या अपेक्षेची भारित सरासरी घेतात, आणि मालकाची अपेक्षा कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त असते, कारण देणी भागवून उरेल ते त्याला मिळतं.

दुसरी खबरदारी महागाईची. तक्त्यात पुढच्या वर्षांचे भाव आणि पगार वाढवून लिहिले असतील, तर दरही महागाईसकटचा हवा. सगळे आकडे आजच्या भावात लिहिले असतील तर दरातून महागाई काढून टाका. आकडे आजच्या भावाचे आणि दर महागाईसकटचा, अशी सरमिसळ झाली की चांगली यंत्रं नाहक नापास होतात. ही चूक तक्त्याकडे बघून कळत नाही, म्हणून कोणता भाव आणि कोणता दर घेतला ते तक्त्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा.

दर हलला की उत्तर किती हलतं ते H1 बदलून पाहा. आपल्या पहिल्या यंत्राचा डिस्काउंटेड पेबॅक १० टक्क्यांना जेमतेम ५ वर्षं येतो, १२ ला ५ वर्षं चार महिने. १६ ला सहा वर्षांची बेरीज ९९०, म्हणजे वसुली होतच नाही. साधा पेबॅक या तिन्ही वेळा ३.८३ च. एवढ्या संवेदनशील आकड्यासाठी एकाच दराचं उत्तर कुणासमोर ठेवू नये, दोन-तीन दरांची ठेवावीत.

दरवर्षी सारखी रक्कम येत असेल तर साध्या पेबॅकवरून डिस्काउंटेड थेट काढता येतो. P म्हणजे साधा पेबॅक, r म्हणजे दर:

```
n = -ln(1 - r*P) / ln(1 + r)
```

१२ टक्क्यांना साधे ३ वर्षं म्हणजे डिस्काउंटेड ३.९, साधे ४ म्हणजे ५.८, ५ म्हणजे ८.१, आणि ६ म्हणजे थेट ११.२. साधा पेबॅक एकेक वर्षानं वाढतो तेव्हा खरी वसुली आधी दोन आणि मग तीन वर्षांनी लांबते. r गुणिले P ची किंमत १ झाली की सूत्र बंद पडतं. १२ टक्क्यांना ती मर्यादा ८.३३ वर्षांची आहे. त्यापुढचा साधा पेबॅक असेल तर यंत्र अमर असलं तरी पैसे सुटत नाहीत. ‘नऊ वर्षांत वसुली, आयुष्य पंचवीस वर्षं’ असा प्रस्ताव समोर आला आणि तुमचा दर १२ टक्के असेल, तर तिथेच उत्तर मिळालं.

जो कोपरा तरीही अंधारात राहतो

आता तिसरं यंत्र घेऊ. किंमत १०००, आयुष्य ८ वर्षं. बाजार हळूहळू वाढणारा आहे, म्हणून रोख १००, १५०, २००, ३००, ४०० आणि मग तीन वर्षं ५००-५००. साधा पेबॅक ४.६ वर्षं. १२ टक्क्यांना डिस्काउंटेड पेबॅक ५.९ वर्षं. पहिल्या यंत्राचा ५.४ होता, म्हणजे दोन्ही कसोट्यांवर तिसरं यंत्र मागे.

पण रकाना शेवटपर्यंत नेला की आठव्या वर्षाच्या ओळीत ४५० दिसतात. पहिल्या यंत्राच्या शेवटच्या ओळीत ११४ होते. आयुष्यं वेगळी असल्यामुळे हा आकडा थेट भिडवणं योग्य नाही, म्हणून दोन्ही वर्षाकाठी समान हप्त्यांत वाटून पाहिले: पहिलं यंत्र वर्षाला सुमारे २८ देतं, तिसरं सुमारे ९१. तिपटीहून जास्त देणारं यंत्र डिस्काउंटेड पेबॅकनं दुसऱ्या क्रमांकावर टाकलं, कारण रेषा ओलांडल्यावर तोही मोजणं थांबवतो. वसुलीनंतरच्या वर्षांचं तो काहीच सांगत नाही.

उलट दिशेनंही हे अंगाशी येतं. समजा पहिल्या यंत्रात वापरलेल्या रसायनांमुळे ते बंद झाल्यावर, सातव्या वर्षाअखेर, जागा साफ करायला ३०० लागणार आहेत. आजच्या किमतीत ते १३५.७ होतात, आणि ११४.४ चा फायदा वजा २१ वर येतो. तरीही साधा पेबॅक ३.८३ आणि डिस्काउंटेड ५.३६ च राहतो, कारण दोन्ही त्याआधीच थांबले. खाण, रासायनिक कारखाना, भाड्याची जागा मूळ स्थितीत परत द्यायची अट, मधेच बदलावा लागणारा महागडा भाग, या सगळ्यांत रकाना एकदा अधिक होऊन पुन्हा वजा होतो. शून्य दोनदा ओलांडणाऱ्या रकान्याला एकच पेबॅक सांगणं म्हणजे दिशाभूल. तिथे शून्य कुठे कुठे ओलांडलं ती सगळी वर्षं लिहावीत.

म्हणूनच रकाना चिन्ह बदलल्यावर थांबवू नका. तो आयुष्याच्या शेवटापर्यंत, किंबहुना बंद करण्याच्या खर्चापर्यंत न्या आणि दोन ठिकाणी वाचा. चिन्ह बदलण्याची जागा सांगते की पैसे किती काळ धोक्यात आहेत. शेवटची ओळ सांगते की एकूण हाती काय लागलं. घ्यायचं की नाही हे शेवटच्या ओळीवर ठरतं.

नंतरच्या वर्षांत वजा रक्कम नसेल तर एक खात्री मात्र मिळते: डिस्काउंटेड पेबॅक आयुष्यात बसला की शेवटची ओळ वजा असू शकत नाही. साधा पेबॅक अशी खात्री देत नाही, दुसऱ्या यंत्रात ते दिसलंच. ही सुधारणा छोटी नाही.

‘तीन वर्षांच्या आत’ हा नियम

पुष्कळ ठिकाणी एकच कमाल मर्यादा सगळ्या खरेदीला लावलेली असते. ती कुठून आली हे विचारलं तर बहुधा कुणाला सांगता येत नाही. सारख्या वार्षिक रकमेच्या बाबतीत योग्य मर्यादा काढता येते, आणि ती यंत्राच्या आयुष्याबरोबर बदलते. १२ टक्क्यांना ३ वर्षं टिकणाऱ्या वस्तूचा साधा पेबॅक २.४ वर्षांच्या आत हवा, ६ वर्षं टिकणाऱ्याचा ४.१ च्या आत, १० वर्षं टिकणाऱ्याचा ५.७ च्या आत, १५ वर्षं टिकणाऱ्याचा ६.८ च्या आत. स्प्रेडशीटमध्ये हा आकडा असा निघतो:

```
=PV(0.12,6,-1)
```

म्हणजे सरसकट तीन वर्षांच्या नियमात लॅपटॉपसारखी तीन-चार वर्षांत जुनी होणारी वस्तू तोट्यात असूनही पास होऊ शकते, आणि पंधरा वर्षं चालणारा बॉयलर साडेचार वर्षांत पैसे फेडत असूनही नापास होतो. अशा नियमानं कालांतरानं कारखान्यात कमी टिकणाऱ्या वस्तूच साठतात. डिस्काउंटेड पेबॅकला हीच तीन वर्षांची मर्यादा लावली तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण तो साध्यापेक्षा नेहमीच मोठा असतो. मर्यादा लावायचीच असेल तर ती यंत्राचं आयुष्य ही लावा.

छोट्या मर्यादेला एकच रास्त कारण असतं: पैसे ठराविक वेळेआधी मोकळे व्हायलाच हवेत. ग्राहकाशी करार चार वर्षांचा आहे, जागेचा भाडेपट्टा पाच वर्षांत संपतो, किंवा त्या तारखेला कर्जाचा मोठा हप्ता आहे. मग ते कारण आणि ती तारीख मर्यादेशेजारी लिहा. ‘धोका आहे म्हणून’ एवढ्यावर भागवू नका. धोक्यासाठी दर आधीच १२ चा १६ केला असेल आणि वर मर्यादाही आवळली, तर एकाच धोक्याची किंमत दोनदा वसूल केली, आणि असं केल्यावर बहुतेक काहीच पास होत नाही.

प्रस्तावाच्या पानावर पहिल्या यंत्राबद्दल एवढ्या नोंदी पुरतात: गुंतवणूक १०००, त्यात ४० खेळतं भांडवल, आयुष्य ६ वर्षं, दर १२ टक्के, आकडे महागाईसकट, साधा पेबॅक ३ वर्षं १० महिने, डिस्काउंटेड पेबॅक ५ वर्षं ४ महिने, शेवटची ओळ अधिक ११४, १० टक्क्यांना वसुली ५ वर्षांत, १६ टक्क्यांना नाही, बंद करण्याचा खर्च धरलेला नाही. शेवटची नोंद वाचून कुणी ‘का धरला नाही?’ असं विचारलं, तर सातव्या वर्षाची ओळ त्यांच्यासमोरच तक्त्यात वाढवा.